सत्यनारायणाचा प्रसाद : इतर धर्मीय शेजाऱ्यांना बोलवावं का, आणि कसं?

मृण्मयी_ठाणे

नव्या घरी येत्या रविवारी सकाळी वास्तुशांत आहे आणि संध्याकाळी सत्यनारायण. मजल्यावर आमच्यासकट चार घरं. समोर एक मुस्लिम कुटुंब आहे, त्यातल्या भाभींनी आम्ही सामान लावत होतो त्या दिवशी दुपारचं जेवण पाठवलं होतं. शेजारी वसईकडचे ख्रिश्चन अंकल-आंटी. कोपऱ्यातलं घर एका बौद्ध जोडप्याचं, दोघंही शिक्षक.

तिघांनाही बोलवायचंच आहे. आईचं म्हणणं असं की बोलवायचं तर प्रसाद द्यायलाच हवा, आणि दिला नि त्यांनी घेतला नाही तर ते बरं नाही, कथेतच तसं सांगितलंय. नवरा म्हणतो, कशाला कुणाला अडचणीत टाका, दुसऱ्या दिवशी पेढे नेऊन देऊ. मला दोन्ही पटत नाही. न बोलावणं म्हणजे सबंध मजल्यावर त्यांनाच वगळल्यासारखं. तुमच्यापैकी कुणी पाहुणे म्हणून अशा पूजेला गेला असाल तर काय बोललेलं बरं वाटलं आणि काय बोचलं, ते सांगा. त्यांच्या धर्मात नक्की काय चालतं हेही कळलं तर हवंच आहे.

बोक्या_सातारकर

एवढा विचार कशाला? आमच्या गावात मोहरमच्या पंजांना हिंदू घरांतून नारळ जातो आणि गणपतीच्या आरतीला मुसलमान पोरं ताशा वाजवतात. प्रसाद सगळे खातात. शिवाय कुराणात मनाई आहे ती मांसाबद्दल. दुसऱ्या कुणाच्या नावानं कापलेला प्राणी खायचा नाही, एवढंच. शिऱ्यात कुठलं मांस? बिनधास्त द्या.

नाझनीन_सोलापूर

बोक्याभाऊ, अर्धं बरोबर आहे. कुराणात ही आज्ञा चार ठिकाणी येते, आणि चारही ठिकाणी ती मेलेलं जनावर, रक्त आणि डुकराचं मांस यांच्या यादीतच येते. म्हणून जुन्या भाष्यकारांपैकी बरेच जण ती जनावर कापताना घेतलेल्या नावापुरती मानतात. पण आपल्याकडचे बहुतेक मौलवी तिचा अर्थ व्यापक घेतात. अल्लाहशिवाय दुसऱ्याला अर्पण केलेलं काहीही, मग ती मिठाई का असेना, खाऊ नये म्हणतात. हाच वाद आमच्या आमच्यातही आहे. दर्ग्यावरची नियाज काही घरांत आदरानं खातात, काही घरांत हातही लावत नाहीत. तेव्हा "मुसलमानांना चालतं का" याला एकच उत्तर मिळणार नाही. समोरच्या भाभींना काय चालतं, एवढंच कळू शकतं.

माझ्या घरचं सांगते. माझी आई शेजारच्या काकूंकडचा सत्यनारायणाचा शिरा घ्यायची, कपाळाला लावायची नाही पण खायची. मी घेत नाही. काकूंना मी लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं, "काकू, देवाला दाखवलेलं मी खात नाही, पण तुमच्या हातचं जेवायला कधीही येईन." त्या क्षणभर गप्प झाल्या. मग आत जाऊन त्यांनी डब्यातले शंकरपाळे आणून दिले. पुढच्या वर्षीपासून त्या मला पूजेच्या दिवशी बोलवायच्या ते थेट स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटू लागायचे, आरतीच्या वेळी गॅलरीत उभी राहायचे, आणि कुणी मला "अगं ये ना" म्हणून ओढायचं नाही. ते न ओढणं मला फार मोलाचं वाटायचं.

बोचतं काय तेही सांगते. "एवढ्यानं काय होतंय" आणि "आमचा देव रागवेल हं". पहिल्यात माझा विश्वास पोरकट ठरतो, आणि दुसऱ्यावर मी काय बोलणार?

विनायक_पौरोहित्य

मी ही पूजा वर्षानुवर्षं सांगतो आहे, म्हणून आईंच्या काळजीबद्दल आधी लिहितो, कारण ती खरी आहे. कथेत प्रसाद न घेतल्याचे दोन प्रसंग आहेत. चौथ्या अध्यायात कलावती पतीची नौका आल्याचं ऐकते आणि प्रसाद तसाच टाकून धावत जाते, नौका बुडते. पाचव्यात तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाखाली गवळी पूजा करताना पाहतो. तो वाकत नाही, त्यांनी पुढे ठेवलेला प्रसाद सोडून जातो, आणि त्याचं राज्य आणि पुत्र जातात. ऐकणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच की प्रसाद नाकारला की संकट येतं.

पण नीट ऐका. कलावती स्वतः त्या घरची, त्या व्रतातली. तुंगध्वजाबद्दल पोथी स्पष्ट सांगते की त्यानं दर्पानं तसं केलं. गवळ्यांच्या हातचं राजानं का घ्यावं, हा त्याचा मद. शेवटी तो त्याच गवळ्यांच्यात येऊन बसतो आणि त्यांच्याबरोबर पूजा करतो, तेव्हा गेलेलं परत मिळतं. ज्याचं हे व्रतच नाही, जो हात जोडून "आमच्यात चालत नाही" म्हणतो, त्याला ही कथा लागू करायला आधार नाही. आईंना हे माझ्या नावानं सांगा हवं तर.

आता आपल्या बाजूनं. घरच्या पूजेला अन्य धर्मीय आला, बसला, त्यानं कथा ऐकली, प्रसाद घेतला, तर पूजेला काहीही बाधा येत नाही. गवळ्यांनी राजाला कुळ विचारलं नव्हतं. देवळांचे नियम वेगळे. पुरीच्या जगन्नाथाला अहिंदूंना आत सोडत नाहीत, तिरुपतीला श्रद्धेचा कागद भरून घेतात. घरी यजमानाची इच्छा हाच नियम.

मेल्विन_वसई

अंकल-आंटी आमच्याकडचे दिसतात, म्हणून लिहितो. मी कॅथलिक. आमच्यात हा प्रश्न पहिल्या शतकातच उठला होता. करिंथ शहरात बाजारात मिळणारं बरंचसं मांस देवळात वाहिलेलं असायचं. संत पौलानं तिथल्या मंडळींना पत्रात लिहिलं की बाजारात मिळतं ते चौकश्या न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते खा. पण कुणी सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आणि कारण काय दिलंय, तर ज्यानं सांगितलं त्याच्या मनासाठी. म्हणजे त्याचा किंवा बघणाऱ्या एखाद्या कच्च्या श्रद्धाळूचा गैरसमज होऊ नये. मूर्ती म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अन्नात काही बदलत नाही, असंही तोच आधी लिहितो.

त्यामुळे आमच्यात दोन्ही प्रकारचे लोक सापडतील. माझे वडील प्रसाद हातात घ्यायचे, "थँक्यू" म्हणायचे आणि खायचे. म्हणायचे, शेजाऱ्यानं प्रेमानं दिलंय. माझा एक चुलतभाऊ प्रार्थनेच्या गटात जायला लागल्यापासून घेत नाही. तुमच्या अंकलना काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका, विचारा.

आणि उलट बाजूही सांगतो. हिंदू मित्र आमच्या लग्नाला चर्चमध्ये येतात आणि कम्युनियनच्या वेळी रांगेत उभे राहतात, कारण सगळे उठले आणि प्रसादच आहे असं त्यांना वाटतं. तो आम्ही बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांशिवाय कुणाला देत नाही. तेव्हा जागेवर बसून राहायचं, किंवा रांगेत गेलात तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, फादर फक्त आशीर्वाद देतात. यात कुणाचा अपमान नसतो. तुम्ही दिलेला प्रसाद आम्ही नाकारतो तेव्हाही तो अपमान नसतो.

सुलभा_काकू

माझी सून अमेरिकन आहे, ख्रिश्चन. न्यू जर्सीत मुलाच्या घरी पुढच्या महिन्यात सत्यनारायण करायचाय. ती हौसेनं साडी नेसून बसते म्हणतेय. तिथले भटजी म्हणाले बसवा, इथले आमचे गुरुजी नको म्हणाले. कोणाचं खरं?

विनायक_पौरोहित्य

सुलभाताई, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे चाललंय ते पाहुण्यांचं. सून बसणार ती यजमान म्हणून, म्हणजे संकल्पात तिचा उच्चार होणार. काही गुरुजी लग्नानंतर पतीचं गोत्र तिला आलं असं मानून सांगतात, काही म्हणतात विवाह वैदिक विधीनं झालेला असेल तरच. माझं मत, ती मनापासून बसत असेल तर बसवावी. पण हे सर्वांना मान्य आहे असं मी म्हणणार नाही. मुख्य म्हणजे संकल्पात काय म्हटलं जातं ते तिला आधी तिच्या भाषेत समजावून सांगा आणि मग तिलाच ठरवू द्या.

संघमित्रा_नागपूर

मृण्मयी, तुमच्या कोपऱ्यातल्या घरासाठी लिहिते. वर सगळं कुराण-बायबलबद्दल आलं, पण आमची गोष्ट वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. सत्यनारायण म्हणजे विष्णूच. ब्राह्मणाकडून कुठलंही क्रियाकर्म न करवून घेण्याची प्रतिज्ञाही त्यात आहे. प्रसाद खाऊ नये असं कुठे शब्दशः लिहिलेलं नाही. म्हणून काही जण शेजारधर्म म्हणून घेतात, पण पूजेसमोर हात जोडत नाहीत. मी घेत नाही.

माझं कारण फक्त प्रतिज्ञेचं नाही. माझ्या आजोबांना गावच्या देवळातला प्रसाद पायरीखाली उभं राहून घ्यावा लागायचा. पुजारी वरून ओंजळीत टाकायचा, हात लागू नये म्हणून. एखादा दाणा खाली पडला तर तोही उचलून खायचा. पंढरपूरच्या विठोबापर्यंत आम्हाला जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं होतं. आज तुम्ही प्रेमानं वाटी पुढे करता हे मला दिसतं, पण माझ्या मनात ती ओंजळही असते. तिथे "अहो, प्रसादाला नाही म्हणू नये" हे वाक्य फार जड पडतं.

मी एका शाळेत होते तिथे दर वर्षी सत्यनारायण व्हायचा आणि सगळ्या शिक्षकांनी थांबायचं, वर्गणी द्यायची असं होतं. मी वर्गणी दिली नाही, तर दोन महिने स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही. घरच्या पूजेचं बोलावणं वेगळं असतं, तिथे मला नाही म्हणता येतं. तुम्ही त्यांना बोलवा. फक्त नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा.

बोक्या_सातारकर

ताई, ओंजळीचं वाचून बसून राहिलो. आमच्या आजीकडून मी दुसऱ्या बाजूनं ऐकलंय हे.

मग एक विचारतो. नाकारायचंच नसेल तर घेऊन घरी न्यायचं आणि वॉचमनला द्यायचं, हे बरं नाही का? देणाऱ्याचंही मन राहतं.

नाझनीन_सोलापूर

मी हे करत नाही. खाणार नाही ते खाणार असल्यासारखं घेणं मला खोटं वाटतं. पण माझी नणंद करते, "घरी नेते" म्हणून पुडी घेते आणि ज्याला चालतं त्याला देते. ती म्हणते, मी खाणार असं म्हटलंच नाही. कचऱ्यात टाकणं मात्र कुणीच करू नये. समोरच्यासाठी ती पवित्र वस्तू आहे.

मेल्विन_वसई

मला पुडी चालेल असं वाटतं. गर्दीत, लहान मूल वाटी घेऊन समोर उभं असताना तिथे धर्मशास्त्र सांगत बसायचं का?

संघमित्रा_नागपूर

लहान मुलाला "नको राजा, आजीला दे" एवढं म्हणता येतं. मी तसंच म्हणते.

मृण्मयी_ठाणे

हे सगळं आईला वाचून दाखवलं. तुंगध्वजाचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला.

विनायक गुरुजी, एक व्यवहाराचा प्रश्न. शिरा एकाच पातेल्यात होतो. त्यातला थोडा नैवेद्याआधी बाजूला काढून ठेवला तर चालेल का? म्हणजे ज्यांना देवाला दाखवलेलं नको त्यांना तोच गोड पदार्थ देता येईल.

विनायक_पौरोहित्य

चालेल, पण क्रम सांभाळा. रवा, तूप, साखर सव्वाच्या मापानं घेतो, म्हणजे सव्वा वाटी किंवा सव्वा किलो, त्यात दूध आणि केळं. हे माप प्रसादाच्या शिऱ्याचं. नैवेद्य दाखवताना वाटीत शिरा घेऊन वर तुळशीचं पान ठेवतो, आणि पूजा झाल्यावर ती वाटी पातेल्यात परत मिसळतो. मिसळली की सगळं पातेलं प्रसाद. तेव्हा पाहुण्यांसाठीचा शिरा वेगळ्या भांड्यात वेगळाच करा. सव्वाच्या मापातून काढू नका, आणि दोन्हींचे चमचे एक करू नका. माझ्या एका यजमानांनी एकाच पातेल्यातून आधी काढून ठेवला होता. मग घाईत कुणीतरी नैवेद्याची वाटी त्याच डब्यात उलटी केली आणि पाहुण्यांना "हा वेगळा आहे" म्हणून वाढला. त्यांना कधी कळलं नाही, पण यजमानीण बाईंना फार लागलं ते.

त्यापेक्षा साधं म्हणजे शिऱ्याचा अट्टाहासच नको. चहा, चिवडा, बटाटेवडा ठेवा. कुणाला विचारावं लागत नाही.

नाझनीन_सोलापूर

गुरुजींशी सहमत. वेगळा शिरा केलात तरी दिसायला तोच, मग मनात शंका राहते. चिवडा बघितला की जीव मोकळा होतो.

अर्हम_सांगली

आम्ही जैन, आमचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. आम्हाला अनेकजण हिंदूंतच धरतात आणि तीर्थ हातावर घालतात. पंचामृतात मध असतो. आमच्या घरी मध खात नाहीत. हात पुढे केला की माघार घेता येत नाही, म्हणून मी आधीच हात जोडून उभा राहतो. दुसरं म्हणजे सूर्यास्तानंतर आम्ही काही घेत नाही. संध्याकाळच्या सत्यनारायणाला आठ वाजता प्रसाद मिळतो, तेव्हा आमच्या घरातल्या मोठ्यांना पाणीही चालत नाही. आणि तो बटाटेवडा आमच्यासाठी नको, बटाटा जमिनीखालचा.

विनायक_पौरोहित्य

मधाचं तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. तीर्थ देणाऱ्याला मी यापुढे सांगेन की समोरच्यानं हात पुढे केला तरच घालायचं.

मृण्मयी_ठाणे

छापील पत्रिकेत "तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा" असं आहे. ती तिन्ही घरांना द्यायची नाही असं ठरवलंय. मी स्वतः जाऊन सांगणार. असं काहीसं:

"रविवारी संध्याकाळी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा आहे. सहाला पूजा आणि कथा सुरू होईल, साडेसातला आरती. पूजेला बसायचं असेल तर स्वागत आहे, नाहीतर आठनंतर चहा-फराळाला या. प्रसाद वेगळा ठेवलाय आणि फराळ वेगळा, तुम्हाला जे चालेल ते घ्या."

भाभींना आणि आंटींना हळदीकुंकू लावायचं का, तेही आधी विचारेन. आईनं ताटात कुंकू ठेवायचंच म्हटलंय, पण ताट पुढे करायचं नाही, ज्याला हवं त्यानं घ्यावं, इथपर्यंत ती आली आहे.

मेल्विन_वसई

छान. फक्त "तुम्हाला जे चालेल ते" हे दारात एकदाच म्हणा. सगळ्यांसमोर परत म्हटलंत की सगळे त्यांच्या ताटाकडे बघतील.

संघमित्रा_नागपूर

माझ्याकडून एवढंच सुचवते की "पूजेला बसायचं असेल तर" हे आमच्या घरी म्हणू नका. बौद्ध घरात ते आग्रहासारखं ऐकू येतं, तुमच्या मनात नसलं तरी. "नवं घर बघायला, फराळाला या" पुरेसं आहे. त्यांना थांबायचं असेल तर ते थांबतील.

विनायक_पौरोहित्य

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. पूजा आहे हे लपवून बोलावलं आणि ते आले तेव्हा चौरंग, कलश, कथा चालू, तर तेही बरं वाटणार नाही.

संघमित्रा_नागपूर

लपवायला नको हे खरं. पूजा आहे हे सांगा, बसा म्हणू नका. वेळ आरतीनंतरचीच सांगा.

नाझनीन_सोलापूर

माझं उलट आहे. मला कुणी आरतीनंतरची वेळ सांगितली की वाटतं मला टाळताहेत. काकूंनी मला आधीच बोलावून पोळ्या लाटायला लावल्या होत्या, तेच मला आवडलं.

मृण्मयी_ठाणे

म्हणजे तीन घरी तीन वेगळी वाक्यं. शिक्षक जोडप्याला "पूजा आहे, आठला फराळाला या". भाभींना "केव्हाही या, मदतीलाही या". अंकलना सरळ विचारते. काय होतं ते सोमवारी इथे लिहीन.

सुलभा_काकू

सुनेला संकल्प इंग्रजीत लिहून पाठवायला मुलाला सांगितलंय. त्या पंचामृतात मध घालायचा की नाही, कारण तिच्याकडे येणाऱ्यांत एक जैन कुटुंब आहे?

अर्हम_सांगली

काकू, मध तसाच राहू दे, विधी तुमचा आहे. त्यांच्या हातावर तीर्थ घालू नका, केळं द्या. आणि दिवस मावळायच्या आत द्या.